एक्स-विंग कळतं, पण ग्रिडवर दिसत नाही. मग नेमकं बघायचं कुठे?

प्रश्न: मला एक्स-विंगचा नियम पाठ आहे. कुणी आकृती दाखवली की लगेच पटतो. पण स्वतः अवघड सुडोकू सोडवायला बसले की एकही एक्स-विंग दिसत नाही, आणि स्वॉर्डफिश तर मला आजवर कधीच सापडलेला नाही. सगळ्या घरांत बारीक आकडे लिहून झाले की नेमकं काय शोधायचं, कुठे शोधायचं आणि कोणत्या क्रमाने?

उत्तर:

सगळा ग्रिड एकदम बघणं सोडा. बारीक आकड्यांनी भरलेल्या ग्रिडकडे टक लावून बसलं की नजरेला फक्त गर्दी दिसते. एक्स-विंग आणि स्वॉर्डफिश हे दोन्ही एकाच अंकाचे नमुने आहेत. ७ चा एक्स-विंग शोधताना त्याच घरांत २ आहे की ५, याच्याशी काही देणंघेणं नसतं. म्हणून एका वेळी एकच अंक घ्यायचा आणि बाकीचे आठ अंक जणू लिहिलेलेच नाहीत असं समजायचं. मी तर अडले की कोऱ्या कागदावर त्या एका अंकाचा वेगळा आराखडा काढते. दोन मिनिटं जातात, पण नंतरची अर्धा तासाची डोळेफोड वाचते.

पुढे मी आडव्याला ओळ म्हणेन, उभ्याला रकाना आणि ३×३ च्या भागाला चौकोन. ओ४र९ म्हणजे चौथी ओळ, नववा रकाना. आराखड्यात ■ म्हणजे तो अंक तिथे पक्का बसलेला आहे, आणि नुसता अंक म्हणजे तिथे तो अजून शक्य आहे.

हा एका ग्रिडमधल्या ७ चा आराखडा:

```
    १ २ ३ | ४ ५ ६ | ७ ८ ९
१   . . . | . ■ . | . . .
२   . . ७ | . . . | ७ . .
३   ७ . . | . . . | . ७ ७
४   . . ७ | . . . | ७ . ७
५   . . . | ■ . . | . . .
६   ७ ७ . | . . . | . ७ .
७   . . . | . . ■ | . . .
८   . . ७ | . . . | ७ . .
९   ७ ७ . | . . . | . ७ ७
```

तीन ७ बसलेत, सहा बाकी आहेत. आता हा आराखडा चित्र म्हणून न बघता यादी म्हणून वाचा. प्रत्येक ओळीपुढे ७ कोणत्या रकान्यांत शक्य आहे एवढंच लिहा. ओळ २: ३, ७. ओळ ३: १, ८, ९. ओळ ४: ३, ७, ९. ओळ ६: १, २, ८. ओळ ८: ३, ७. ओळ ९: १, २, ८, ९.

अशी यादी झाली की एक्स-विंग शोधणं म्हणजे अगदी सारख्या दोन जोड्या शोधणं. ओळ २ आणि ओळ ८, दोन्हीपुढे ३ आणि ७. झालं, सापडला. चित्रात हीच चार घरं एकमेकांपासून इतकी लांब आहेत की नजर त्यांना जोडत नाही, पण यादीत ती शेजारी येतात. तुम्हाला नियम येतो आणि नमुना दिसत नाही, याचं कारण माझ्या मते इतकंच आहे: तुम्ही आकार शोधताय, आणि शोधायची आहे ती सारखी यादी.

आता यातून काय मिळतं ते बघू. ओळ २ मधला ७ तिसऱ्या नाहीतर सातव्या रकान्यात जाणार. ओळ ८ मधलाही तसाच. दोघं एकाच रकान्यात जाऊ शकत नाहीत, म्हणजे एक तिसऱ्यात आणि दुसरा सातव्यात. कोण कुठे ते आज माहीत नाही, आणि माहीत असायची गरजही नाही. रकाना ३ आणि रकाना ७ यांतले दोन्ही ७ या दोन ओळींनी वाटून घेतले, एवढं पक्कं झालं. म्हणून या दोन रकान्यांत इतर कुठल्याही ओळीत ७ लिहिलेला असेल तर तो खोडायचा. आपल्या आराखड्यात असे दोन आहेत, ओ४र३ आणि ओ४र७. ते खोडले की चौथ्या ओळीत ७ ला एकच घर उरतं, ओ४र९. तो बसला. लगेच नवव्या रकान्यातले ओ३र९ आणि ओ९र९ जातात, आणि उजवीकडच्या मधल्या चौकोनातला ओ६र८ जातो. म्हणजे खोडायला मिळाले दोन, पण त्यातून एक अंक बसला आणि आणखी तीन बारीक आकडे गेले.

इथे बरेच जण एक गल्लत करतात, ती जवळून बघण्यासारखी आहे. ज्या दोन ओळींपासून तुम्ही सुरुवात केली, त्यांच्यात ७ ला बरोबर दोनच घरं असायला हवीत. पण रकान्यांवर अशी काही अट नाही. रकाना ३ मध्ये ७ तीन ठिकाणी आहे, चार ठिकाणी असता तरी चाललं असतं. उलट तिथे जास्तीचे ७ असतील तरच काही खोडायला मिळतं. रकान्यांतही दोनदोनच असतील तर एक्स-विंग खरा असतो, पण हाती काहीच लागत नाही; तो सोडून पुढे जायचं. मी सुरुवातीला चारही कोपरे स्वच्छ असलेला, आजूबाजूला काही नसलेला नमुना शोधायचे, कारण आकृत्यांमध्ये तो तसा सुबक दिसतो. तो सापडायचा आणि त्याचा काही उपयोग व्हायचा नाही.

दुसरी गल्लत खोडण्याच्या दिशेची. नमुना ओळींमध्ये सापडला तर खोडायचं रकान्यांत. नमुना रकान्यांत सापडला, म्हणजे दोन रकान्यांपुढे सारख्याच दोन ओळी आल्या, तर खोडायचं ओळींमध्ये. मी मनात असं म्हणते: ‘या दोन ओळींना हे दोन रकाने लागणारच आहेत, म्हणून बाकीच्यांनी हे रकाने सोडा.’ हे वाक्य पूर्ण म्हटलं की दिशा चुकत नाही.

आता स्वॉर्डफिश. त्याची भीती वाटते ती तीन ओळी, तीन रकाने आणि नऊ घरं अशा वर्णनामुळे. नऊच्या नऊ घरांत अंक असलेला स्वॉर्डफिश क्वचितच भेटतो. प्रत्यक्षात एखाद्या ओळीत दोन, एखाद्या ओळीत तीन, असा तुटका नमुना असतो आणि तो चित्रात मुळीच डोळ्यांत भरत नाही. अट एवढीच: तीन ओळी घ्या, त्यांच्या याद्या एकत्र करा, आणि सगळ्या मिळून तीनच रकाने आले पाहिजेत. प्रत्येक यादीत तिन्ही रकाने असायलाच हवेत असं नाही. रकान्यांपासून सुरुवात केली तर हेच उलटं वाचायचं.

दुसऱ्या एका ग्रिडमधला ४ घेऊ:

```
    १ २ ३ | ४ ५ ६ | ७ ८ ९
१   . . ४ | ४ . . | . . .
२   ४ . . | . ४ . | . ४ ४
३   . . ४ | ४ . . | . . ४
४   . ■ . | . . . | . . .
५   . . . | . . . | ■ . .
६   . . . | . . ■ | . . .
७   . . . | ४ ४ . | . ४ .
८   . . ४ | . . . | . . ४
९   ४ . ४ | . ४ . | . . .
```

आधी सोप्या गोष्टी तपासा. कुठल्याही ओळीत, रकान्यात किंवा चौकोनात ४ ला एकच घर उरलंय का? नाही. एखाद्या चौकोनातले सगळे ४ एकाच ओळीत किंवा एकाच रकान्यात आलेत का? तेही नाही. एक्स-विंग? दोन घरांच्या ओळी दोनच आहेत, ओळ १ (रकाने ३, ४) आणि ओळ ८ (रकाने ३, ९). त्या जुळत नाहीत. दोन घरांचे रकाने दोन, रकाना १ (ओळी २, ९) आणि रकाना ८ (ओळी २, ७). तेही जुळत नाहीत. इथपर्यंत येऊन बहुतेक जण हा अंक सोडून देतात.

पण आता रकान्यांची यादी पूर्ण लिहा. रकाना १: २, ९. रकाना ३: १, ३, ८, ९. रकाना ४: १, ३, ७. रकाना ५: २, ७, ९. रकाना ८: २, ७. रकाना ९: २, ३, ८.

शोधायची पद्धत अशी. दोन घरांच्या रकान्यापासून सुरुवात करा: रकाना १, म्हणजे ओळी २ आणि ९. आता असा दुसरा रकाना शोधा की दोन्हींच्या मिळून तीनच ओळी होतील. रकाना ८ मध्ये २ आणि ७ आहेत. दोन्ही मिळून २, ७, ९. तीन झाल्या. आता एकच प्रश्न उरतो: २, ७, ९ च्या बाहेर न जाणारा आणखी एखादा रकाना आहे का? रकाना ५ मध्ये २, ७, ९ आहेत. आहे! स्वॉर्डफिश मिळाला. नाही मिळाला असता तर रकाना १ ची जोडी दुसऱ्या कुणाशी जमते का ते बघायचं, आणि तेही नाही झालं तर पुढचा छोटा रकाना घ्यायचा.

ही पद्धत चुकत नाही, कारण तीनच ओळींमध्ये राहणारे कुठलेही दोन रकाने घ्या, प्रत्येकात निदान दोन घरं असतील तर निदान एक ओळ तरी दोघांना सामाईक असतेच. म्हणून ज्या दोन याद्यांमध्ये एकही आकडा सारखा नाही, त्यांची जोडी तपासायचीच नाही. चार किंवा जास्त घरं असलेला रकानाही सुरुवातीलाच बाजूला ठेवायचा. वरच्या यादीत रकाना ३ तसाच बाद झाला. उरलेल्या पाचांत तपासायला फार काही राहत नाही.

आता खोडायचं. रकाने १, ५ आणि ८ यांना मिळून तीन ४ हवेत. ते तीन वेगळ्या ओळींत जाणार, आणि त्यांच्यासाठी २, ७, ९ याच ओळी उपलब्ध आहेत. म्हणजे या तिन्ही ओळींमधले ४ या तीन रकान्यांनी घेतले. म्हणून ओळ २, ७ आणि ९ मध्ये इतर रकान्यांत लिहिलेले ४ खोडा: ओ२र९, ओ७र४ आणि ओ९र३.

तीन बारीक आकडे गेले, पण एकही अंक बसला नाही. इथे निराश होऊन पुढच्या अंकाकडे वळू नका. स्वॉर्डफिशचं फळ पुष्कळदा एक पाऊल पुढे असतं, आणि ते त्याच अंकात असतं. ओ७र४ गेल्यावर चौथा रकाना बघा. तिथे ४ आता फक्त ओळ १ आणि ओळ ३ मध्ये उरला, आणि ही दोन्ही घरं वरच्या मधल्या चौकोनात आहेत. म्हणजे त्या चौकोनाचा ४ चौथ्या रकान्यातच जाणार. तर मग त्याच चौकोनातलं ओ२र५ तिथला ४ सोडणार. समजा ओ२र५ मध्ये ४ आणि ६ एवढेच उरले होते, तर तिथे ६ बसला आणि अडलेला ग्रिड सुटायला लागला. अवघड ग्रिड असेच उघडतात. स्वॉर्डफिश थेट अंक बसवून देत नाही, तो एखाद्या साध्या नियमाला वाट करून देतो. म्हणून काहीही खोडलं की खोडलेल्या प्रत्येक घराची ओळ, रकाना आणि चौकोन पुन्हा एकदा साध्या नजरेने बघायचे.

आता वरचाच आराखडा ओळींच्या बाजूने वाचा. ओळ १: ३, ४. ओळ ३: ३, ४, ९. ओळ ८: ३, ९. तिन्ही मिळून रकाने ३, ४, ९. हाही स्वॉर्डफिशच आहे! आणि त्यातून काय खोडलं जातं? रकाने ३, ४, ९ मध्ये या तीन ओळींबाहेरचे ४, म्हणजे ओ९र३, ओ७र४ आणि ओ२र९. तीच तीन घरं.

हा योगायोग नाही, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. सहा ४ बाकी आहेत, म्हणजे सहा ओळी आणि सहा रकाने मोकळे आहेत. त्यांतल्या तीन रकान्यांनी २, ७, ९ या ओळी स्वतःकडे ठेवल्या. याचाच अर्थ या तीन रकान्यांना उरलेल्या १, ३, ८ या ओळींमध्ये ४ नाही. म्हणजे ओळ १, ३, ८ यांच्याकडे उरलेले तीन रकानेच आहेत. एका बाजूने तीन रकान्यांचा नमुना, दुसऱ्या बाजूने उरलेल्या तीन ओळींचा नमुना; एकाच गोष्टीची दोन रूपं. एखाद्या अंकाची जितकी घरं बसायची बाकी आहेत, त्यातून एका बाजूच्या नमुन्याचा आकार वजा केला की दुसऱ्या बाजूचा आकार मिळतो, आणि दोन्हींतून अगदी तेच आकडे खोडले जातात.

याचा फायदा असा की कुठे शोधायचं आणि कुठे नाही हे मोजून ठरवता येतं. एखाद्या अंकाची पाच घरं बाकी असतील तर ओळींमधला स्वॉर्डफिश म्हणजे रकान्यांमधला एक्स-विंग असतो, कारण पाचातून तीन गेले की दोन उरतात. दोनच्या जोड्या शोधणं तिनांपेक्षा कितीतरी सोपं. म्हणून पाच बाकी असताना मी स्वॉर्डफिश शोधतच नाही. ओळी आणि रकाने, दोन्ही बाजूंनी एक्स-विंग बघते आणि पुढे जाते. चार बाकी असतील तर एक्स-विंगही एकाच बाजूने बघितला तरी पुरतो, कारण एका बाजूला असेल तर दुसऱ्या बाजूलाही असतोच. तीन बाकी असतील तर काहीच शोधायचं नाही. तिथे एक्स-विंग म्हणजे दुसऱ्या बाजूला ‘या रकान्यात एकच घर उरलंय’ एवढाच अर्थ, आणि ते तुम्हाला आधीच दिसलेलं असतं.

स्वॉर्डफिशची खरी गरज पडते ती सहा किंवा जास्त घरं बाकी असतील तेव्हा. म्हणजे जो अंक ग्रिडवर जेमतेम तीनदा बसलाय, त्याच्याकडे आधी वळायचं. सहा बाकी असतील तर एकाच बाजूची यादी पुरते, आणि त्यात मी जिकडे दोन घरांच्या याद्या जास्त आहेत ती बाजू निवडते. सात बाकी असतील तर मात्र दोन्ही बाजू तपासाव्या लागतात, कारण तिथे तीनच्या उलट बाजूला चारचा नमुना येतो. त्याला जेलीफिश म्हणतात. आणि याच वजाबाकीमुळे जेलीफिशच्या पुढचा कुठलाही नमुना शोधायची कधीच गरज पडत नाही: नऊच्या नऊ बाकी असले तरी पाचच्या उलट बाजूला चार असतात.

पहिल्या आराखड्यात परत गेलात तर तुम्हाला रकाने १, २ आणि ८ मध्ये ७ चा स्वॉर्डफिशही दिसेल, ओळी ३, ६ आणि ९ चा. तो वापरला तरी ओ३र९ आणि ओ९र९ जातात आणि नवव्या रकान्यात ओ४र९ एकटं उरतं. शेवटी त्याच घरात येऊन पोहोचतो. मी एक्स-विंगने गेले, कारण तो आधी दिसतो. एका आराखड्यात दोन नमुने सापडले तर गोंधळू नका, लहान आधी वापरा.

आता जिथे खरं नुकसान होतं ते सांगते. हे दोन्ही नमुने ‘इथे तो अंक नाही’ या गोष्टीवर उभे आहेत. त्यामुळे एखादा बारीक आकडा लिहायचा राहून गेला तर खोटा नमुना तयार होतो, आणि तो खऱ्यासारखाच दिसतो. पहिल्या आराखड्यात समजा ओ८र८ मध्येही ७ शक्य होता आणि तो लिहायचा राहिला. तुम्हाला ओळ ८ पुढे ३, ७ दिसेल, तुम्ही ओ४र७ मधला ७ खोडाल. पण खरं उत्तर असं असू शकतं: ओ८र८ मध्ये ७, ओ२र३ मध्ये ७ आणि ओ४र७ मध्ये ७. ते सगळं नियमात बसतं. म्हणजे तुम्ही बरोबर अंकच खोडलात.

माझ्या बाबतीत हे झालंय, आणि त्याचा त्रास असा की चूक लगेच कळत नाही. वीसेक अंक बिनबोभाट बसत गेले आणि मग एका चौकोनात एका अंकाला घरच उरलं नाही. मागे शोधत जायला काही खूणही नव्हती. त्यानंतर मी दोन सवयी लावून घेतल्या. बारीक आकडे सगळ्या घरांत पूर्ण लिहून होईपर्यंत एक्स-विंग शोधायचाच नाही. अर्धवट लिहिलेल्या ग्रिडवर शोधलेला नमुना हा अंदाज असतो. आणि नमुना सापडला की खोडण्याआधी ज्या ओळींपासून सुरुवात केली त्या ओळींमधलं प्रत्येक रिकामं घर बोट ठेवून तपासायचं: इथे हा अंक का नाही? त्याच्या रकान्यात बसलाय, की चौकोनात बसलाय, की आधीच्या एखाद्या नियमाने गेलाय? प्रत्येक घराला कारण सांगता आलं पाहिजे. दोन ओळींची मिळून सात-आठ घरं असतात, अर्धं मिनिट लागतं.

तो जास्तीचा ओ८र८ दिसला तर एक्स-विंग अगदीच वाया गेला असं मात्र नाही. असा जास्तीचा आकडा कोपऱ्याच्याच चौकोनात असेल तर त्याला फिन म्हणतात आणि थोडं काम अजून होतं. ओ८र८ हे ओ८र७ च्याच चौकोनात आहे. समजा ओ९र७ मध्येही ७ लिहिलेला असता. फिन खरा ठरला, म्हणजे ७ ओ८र८ मध्ये गेला, तर चौकोन भरला आणि ओ९र७ गेला. फिन खोटा ठरला तर पूर्ण एक्स-विंग उरला आणि सातव्या रकान्यातून ओ९र७ गेला. दोन्हीकडून तो जातोच, म्हणून तो बिनधास्त खोडता येतो. पण ओ४र७ आणि ओ४र३ फिनच्या चौकोनात नाहीत, त्यांना हात लावायचा नाही. फिन असताना खोडणं फक्त त्या एका चौकोनापुरतं, हे घट्ट धरून ठेवा. जास्तीचा आकडा कुठल्याही कोपऱ्याच्या चौकोनात नसेल तर तो आराखडा सोडून द्या.

क्रमाचं म्हणाल तर मी असं करते. एकेरी घरं, चौकोन-ओळीचे साधे नियम, जोड्या आणि त्रिकुटं संपली, काहीच हलत नाही असं दिसलं, की प्रत्येक अंक किती वेळा बसलाय ते समासात मोजून लिहिते. सहा किंवा जास्त वेळा बसलेले अंक सोडून देते. मग चार किंवा पाच घरं बाकी असलेल्या अंकांत एक्स-विंग. या याद्या लहान असतात, डोळ्यांनीच होतात, कागद लागत नाही. त्यात काही नाही मिळालं तर सहा-सात घरं बाकी असलेल्या अंकांचे आराखडे कागदावर काढते, आधी सारख्या जोड्या, मग तीनात मावणाऱ्या याद्या. आठ किंवा नऊ घरं बाकी असलेल्या अंकाकडे मी सगळ्यात शेवटी जाते. तिथे याद्या चार-पाच आकड्यांच्या असतात आणि नमुना क्वचितच बसतो.

आणि प्रत्येक अवघड ग्रिड यानेच सुटेल असं धरून चालू नका. फिनलंडचे गणितज्ञ आर्तो इन्काला यांच्या ग्रिडसारखे फार कठीण ग्रिड एक्स-विंग आणि स्वॉर्डफिशने सुटत नाहीत. तिथे एकापेक्षा जास्त अंकांना जोडणाऱ्या साखळ्या लागतात. तुम्ही सगळ्या अंकांची यादी दोन्ही बाजूंनी वाचली आणि काही जुळलं नाही, तर तुमची नजर कमी पडली असं समजून तासभर पुन्हा तेच शोधत बसू नका. याद्या कागदावर समोर असतील तर ‘नाही’ हे उत्तरही पक्कं असतं. मात्र साखळीने एखादा आकडा खोडला गेला की त्या अंकाची यादी तेवढी पुन्हा लिहा. तीन घरांची ओळ दोनावर आली की मघाशी नसलेला एक्स-विंग तिथे तयार झालेला असू शकतो.